पाहुणे घाटात, पोस्ट वेळेवर

साताऱ्यात शिक्षकांसाठी दोन दिवसांचा विज्ञान मेळावा होता. सभागृहं दोन, व्याख्यानं आणि कार्यशाळा मिळून सव्वीस. टेलिग्राम चॅनेलवर दिवसभर खबरबात देत राहण्याचं काम माझ्याकडे आलं. एका माणसाने दोन सभागृहांत पळत मोबाइलवर टाइप करायचं, हे मागच्या वर्षी करून झालं होतं. बोटंही दुखली आणि व्याख्यान एकही ऐकता आलं नाही. म्हणून यंदा मी आधीच सगळं लिहून ठेवलं.

गूगल शीटमध्ये एका ओळीत एक पोस्ट. रकाने साधे: सभागृह, ठरलेली वेळ, वक्ता, पोस्टचा प्रकार, मजकूर आणि शेवटी 'पाठवलं का'. प्रत्येक सत्राच्या तीन पोस्ट: दहा मिनिटं आधी आठवण, सुरू होताना 'आता बोलत आहेत', आणि संपल्यावर आभार. शीटला जोडलेली एक छोटी स्क्रिप्ट दर मिनिटाला जागी व्हायची, घड्याळ बघायची आणि जिची वेळ झाली ती ओळ चॅनेलवर पाठवायची. आदल्या रात्री चाचणीत एक चूक सापडली: सकाळी १० ची पोस्ट रात्री साडेआठला जाणार होती. शीटचं टाइमझोन न्यूयॉर्कचं राहिलं होतं आणि जानेवारीत ते आपल्या साडेदहा तास मागे असतं. ते सेटिंग्जमध्ये जाऊन बदललं आणि मी निवांत झोपले.

पहिल्या दिवशी सकाळी प्रमुख पाहुणे खंबाटकी घाटात अडकले.

१० चं उद्घाटन पुढे पुढे सरकत गेलं. १०:३५ ला चॅनेलवर त्यांच्या व्याख्यानाची आठवण गेली, १०:४५ ला 'आता बोलत आहेत' गेलं. त्या वेळी मंचावर समईची वात पेटवायला काडेपेटी शोधत होते. बाहेर चहाच्या टेबलापाशी उभे असलेले शिक्षक चॅनेल वाचून धावत आत आले आणि स्वागतगीत ऐकत बसले. खरं व्याख्यान ११:३७ ला सुरू झालं. ११:४५ ला माझी तिसरी पोस्ट वेळेवर गेली: 'व्याख्यान संपन्न. श्रोत्यांचा उत्स्फूर्त प्रतिसाद!' सर नुकतेच प्रस्तावनेतून विषयाकडे वळत होते. जेवताना ते मला हसत म्हणाले, "मुलीचा फोन आला होता. विचारत होती, बाबा, आठ मिनिटांत आटोपलं?"

घाबरून मी स्क्रिप्ट बंद केली. दुपारी दोनला वेळा हाताने दुरुस्त करून पुन्हा सुरू केली, तर एका मिनिटात सात पोस्ट धडाधड गेल्या. बंद असताना ज्यांची वेळ उलटून गेली होती, त्या सगळ्या 'पाठवलं नाही' म्हणून वाट बघत बसल्या होत्या. 'वेळ झाली का' एवढंच मी स्क्रिप्टला विचारायला शिकवलं होतं. वेळ होऊन गेली, आता राहू दे, हे शिकवलं नव्हतं.

रात्री बसून मी पोस्टचे दोन भाग केले. आठवणीची पोस्ट घड्याळावर चालू शकते, कारण ती पाच मिनिटं इकडेतिकडे झाली तरी खोटी ठरत नाही. 'आता बोलत आहेत' ही मात्र साक्ष आहे. ती सभागृहात बसलेल्या माणसानेच द्यायला हवी. म्हणून त्या ओळीपुढे चौकोन ठेवला. दोन्ही सभागृहांत एकेक स्वयंसेवक होता. त्याने मोबाइलवर शीट उघडून चौकोनात टिक करायची, मगच पोस्ट जाणार. आभाराच्या पोस्ट मी काढूनच टाकल्या. न झालेल्या कार्यक्रमाचं कौतुक आधी लिहून ठेवणं हा मूळचाच आगाऊपणा होता.

टिकचा दुसरा फायदा असा, की तिच्यावरून उशीर मोजता येतो. १०:४५ च्या सत्राला ११:३७ ला टिक आली, तर ते सभागृह ५२ मिनिटं मागे आहे. मग त्याच सभागृहाच्या पुढच्या आठवणी स्क्रिप्टने ५२ मिनिटं पुढे ढकलायच्या, दुसऱ्या सभागृहाला हात लावायचा नाही. टिक नेमकी किती वाजता केली हे चौकोन सांगत नाही. स्क्रिप्ट जागी होऊन ती प्रथम बघते, ती वेळ धरायची. मिनिटभराचा फरक पडतो, तो चालतो. जेवणाच्या सुट्टीनंतर मात्र हा आकडा मी हाताने शून्य करायचं ठरवलं, कारण उशीर झाला की आयोजक आधी जेवणाची वेळच कापतात.

स्क्रिप्टचा गाभा शेवटी एवढाच उरला:

```
if (row.sent) return;
if (row.kind === 'now') {
  if (!row.ticked) return;
} else if (now < row.due || now > row.due + 15 * MIN) {
  return;
}
send(row);
```

म्हणजे आठवणीला पंधरा मिनिटांहून जास्त उशीर झाला, तर ती कायमची राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक पोस्ट दोनदा गेली. फोटो जोडलेला होता, पाठवायला मिनिटापेक्षा जास्त लागलं. तोवर स्क्रिप्टची पुढची फेरी सुरू झाली आणि तिला ती ओळ अजून कोरीच दिसली. मग मी क्रम उलटा केला: आधी 'पाठवतोय' असं लिहायचं, `SpreadsheetApp.flush()` ने ते लगेच शीटवर उमटवायचं, मग पाठवायचं. मध्येच पाठवणं फसलं तर पोस्ट हरवते, हे खरं. पण 'पाठवतोय' तसंच अडकलेलं दिसलं की चॅनेल उघडून बघता येतं. दोनदा गेलेली पोस्ट लोकांनी वाचून झालेली असते.

स्वयंसेवकांनाही एक नियम करून द्यावा लागला. पहिल्या सत्राला मुलाने वक्त्यांचा परिचय सुरू होताच टिक केली होती, आणि परिचय सात मिनिटं चालला. म्हणून ठरवलं: वक्त्याने माइक हातात घेतला की टिक.

तरीही दुपारी चुकलंच. सभागृह दोनमधल्या बाई आजारी पडल्या, त्यांच्या जागी सहकारी आले. स्वयंसेवकाने तत्परतेने वक्त्याचा रकाना बदलला, सरांनी माइक घेतल्यावर टिक केली, आणि चॅनेलवर बाईंचंच नाव गेलं. मजकुरात नाव मी टाइप करून ठेवलं होतं. रकाना बदलून ते बदलणार नव्हतं.

"पण ताई, मी नाव नीट बघूनच टिक केली," तो म्हणाला.

त्याचा मोबाइल हातात घेतल्यावर कळलं. छोट्या पडद्यावर सभागृह, वेळ, वक्ता आणि चौकोन एवढंच दिसत होतं. मजकुराचा रकाना उजवीकडे पडद्याबाहेर होता. मंजुरी तो देत होता, पण जे जाणार होतं ते त्याला दिसतच नव्हतं. मी मजकुराचा रकाना चौकोनाला चिकटवला आणि नाव सूत्राने वक्त्याच्या रकान्यातून आणलं. चूक झालेली पोस्ट हटवण्याऐवजी दुरुस्त केली, कारण तिची लिंक काहींनी पुढे पाठवली होती.

ठरलेल्या वेळेनंतर वीस मिनिटं टिक आली नाही, तर स्क्रिप्टने स्वयंसेवकांच्या ग्रुपवर विचारायचं, अशीही सोय केली होती. समारोप ५ ला होता. ५:२० ला ग्रुपवर प्रश्न गेला: 'समारोप सुरू झाला का?'

लगेच उत्तर आलं: 'ताई, संपला पण. आम्ही खुर्च्या उचलतोय. वडे गार होतायत, या.'