फोटोतलं अक्षर बदलेल, रजिस्टरातलं नाही

वस्तीतल्या एका मुलीच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'कांबळे'ऐवजी 'कांबडे' होतं. तिने दाखल्याचा फोटो एआय ॲपला देऊन ते एक अक्षर बदलायला सांगितलं. ॲपने नकार दिला. 'आडनाव माझंच, मग फसवणूक कसली?' हा तिचा सवाल रास्त होता.

पण खरी दुरुस्ती आणि बनावटगिरी चित्रात सारखीच दिसते. मागणारा कोण, हे ॲपला कळत नाही. आणि जात पडताळणीत दक्षता पथक शाळेचं जनरल रजिस्टर उघडतं. तिथे 'कांबडे' आणि फाइलीत 'कांबळे' निघालं, तर खरा अर्जदारही संशयित ठरतो. खोट्या कागदांवर जातीचा दाखला मिळवणाऱ्याला २ वर्षांपर्यंत कैद आहे. आपल्या जागा बळकावणाऱ्यांसाठी केलेल्या कायद्यात आपलंच लेकरू का अडकावं?

म्हणून आधी रजिस्टरचा उतारा मागायचा. नोंद बरोबर असेल, तर मुख्याध्यापकांकडे मूळ दाखला देऊन दुरुस्त दाखला मागायचा. हिच्या बाबतीत नोंदच चुकलेली होती. मग जन्मदाखला, पहिल्या शाळेचा उतारा आणि वडिलांचा दाखला जोडून मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे प्रस्ताव पाठवावा लागतो.

'शाळा सोडल्यावर काही होत नाही' असं क्लार्क सांगतो. ते अर्धसत्य आहे. नवं नाव घेता येत नाही, पण उघड लेखनचूक पुराव्यावर दुरुस्त होऊ शकते. अर्जाच्या प्रतीवर आवक क्रमांक घ्या आणि नकार लेखी मागा. तोंडी नकाराविरुद्ध दाद मागणं अवघड जातं.

जय भीम!