ऐकण्यासाठी लागणारा उजेड

वार्धक्यात ऐकणे कमी होते तेव्हा प्रश्न आवाजाच्या मोठेपणाचा जितका असतो त्याहून अधिक स्पष्टतेचा असतो. ध्वनिलहरींचे मज्जासंदेशात रूपांतर करणाऱ्या अंतर्कर्णातील केसपेशी वयोमानानुसार झिजतात, आणि ही झीज तीक्ष्ण ध्वनी टिपणाऱ्या पेशींपासून सुरू होते. स्वर जोरकस व तुलनेने खालच्या पट्टीतले असल्याने ते कानावर पडत राहतात. पण स, त, क यांसारखी व्यंजने, ज्यांच्यावर शब्दाशब्दांतला भेद अवलंबून असतो, ती आधी विरतात. त्यामुळे वृद्ध व्यक्ती ‘ऐकू येतं, पण कळत नाही’ असे म्हणते आणि घरचे ‘हवं तेवढं बरोबर ऐकू येतं’ असा शेरा मारून मोकळे होतात. हा शेरा अज्ञानातून आलेला असला तरी लागायचा तो लागतोच.

पुण्यातील एका कुटुंबाचा अनुभव या दृष्टीने पाहण्याजोगा आहे. 78 वर्षांच्या सासूबाई बैठकीच्या खोलीत खिडकीकडे तोंड करून बसत आणि सून मिक्सर चालू असतानाच स्वयंपाकघरातून बोले. एके दिवशी तिने ‘बाळाला ताप आहे’ असे सांगितले, तेव्हा ‘सर्दीत ताक कशाला देता?’ असे उत्तर आले. सुनेने बाहेर येऊन, खिडकीपुढे उभे राहून, तेच वाक्य ओरडून सांगितले, तरी ‘ताक’ ते ‘ताक’च राहिले आणि वर ‘ओरडतेस कशाला?’ हेही ऐकावे लागले. ओरडण्याने मधला ‘आ’ तेवढा फुगतो, शेवटचे व्यंजन जवळजवळ होते तितकेच राहते. शिवाय झिजलेल्या कानात जेमतेम ऐकू येणारा आवाज आणि असह्य होणारा आवाज यांतील अंतर कमी झालेले असते, म्हणून सासूबाईंची तक्रार रास्तच होती.

या प्रसंगातील दुसरा दोष डोळ्यांशी निगडित होता. वय वाढते तशी बाहुली पूर्वीइतकी रुंदावत नाही आणि डोळ्यातील भिंग पिवळसर व गढूळ होत जाते, परिणामी साठीच्या माणसाच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक तृतीयांशच प्रकाश पोहोचतो. खिडकीला पाठ करून उभ्या असलेल्या सुनेचा चेहरा सासूबाईंना केवळ काळसर आकृतीसारखा दिसत होता. वस्तुतः ‘ताप’ म्हणताना शेवटी ओठ मिटतात आणि ‘ताक’ म्हणताना मिटत नाहीत. कानाने निसटलेला हा फरक डोळ्याने सहज टिपता आला असता.

पुढे या घरात खुर्ची फिरवण्यात आली, त्यामुळे खिडकी सासूबाईंच्या पाठीशी आली आणि उजेड बोलणाऱ्याच्या तोंडावर पडू लागला. मिक्सर बंद करून, हाताच्या अंतरावर येऊन, आधी ‘आई’ अशी हाक मारून त्यांची नजर वळली की मगच बोलायचे, असा शिरस्ता ठरला. एकदा सांगून कळले नाही तर तोच शब्द उगाळत न बसता वाक्य बदलायचे, म्हणजे ‘अंग गरम आहे, थर्मामीटर 101 दाखवतोय’ असे म्हणायचे, कारण संदर्भ वाढला की हरवलेले व्यंजन मेंदू स्वतःच भरून काढतो.

संध्याकाळसाठी कुटुंबाने प्रथम छताला अधिक प्रखर, उघडा दिवा लावला, आणि सासूबाईंना त्याने दिपायला लागले. गढूळ भिंग प्रकाश विखुरते, म्हणून दिवा थेट नजरेत आला की समोरचा चेहरा उलट धूसर होतो. तो काढून बोलणाऱ्याच्या आसनाशेजारी झाकण असलेला दिवा ठेवल्यावर अडचण पुष्कळ कमी झाली. वाचनासाठी व गोळ्यांच्या पाकिटांवरची नावे पाहण्यासाठी असाच दिवा जवळ घेतला गेला. लहान दिव्याचे अंतर निम्मे केले तर कागदावरचा प्रकाश सुमारे चौपट होतो, त्यामुळे बल्ब बदलावा लागला नाही. उजेडातून अंधारात गेल्यावर वृद्ध डोळ्यांना सरावायला बराच वेळ लागत असल्याने स्वच्छतागृहाच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा राहू लागला.

या उपायांना मर्यादा आहेत. प, ब आणि म या तिन्हींना ओठ सारखेच मिटतात, तेव्हा केवळ ओठांवरून त्यांचा उलगडा होत नाही. सणासुदीला चारजण एकदम बोलू लागले की खुर्ची कुठेही असली तरी सासूबाई मागे पडत. अशा वेळी श्रवणचाचणी करून श्रवणयंत्र घ्यावे लागते, आणि तेही गोंगाटातले बोलणे निवडून देण्यात अपुरेच पडते. चाचणीआधी कानातला मळ तपासून घ्यावा, कारण काही वेळा अडथळा तेवढाच असतो. सावकाश होणाऱ्या या बदलांहून वेगळी गोष्ट म्हणजे एका कानाचे ऐकू येणे काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत गेले, अथवा एका डोळ्यासमोर अचानक पडदा आला, तर ती वयाच्या खात्यावर न टाकता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा लागतो, कारण उपचाराची संधी थोड्याच काळापुरती असते.