शून्यापासून सुरुवात

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझं मराठी लेखन म्हणजे आनंदच. चुकलं तर सांभाळून घ्या!

माझा मावसभाऊ चाकणच्या एका कारखान्यात सीएनसी लेथवर ट्रेनी आहे. त्याच्यासारख्यांसाठी आम्ही मैत्रिणींनी टूल सेटिंगचा सव्वा तासाचा व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकला. वाटलं, दादा खूश होईल. त्याचा फोन आला, "अगं, चहाची सुट्टी दहा मिनिटं. त्यात झेड ऑफसेट शोधू कुठे? शनिवारी सुपरवायझरसमोर एकट्याने सेटिंग करायचंय."

मग व्हिडिओचे भाग पाडायला बसले. आधी पुस्तकासारखी चार प्रकरणं केली. दादा म्हणाला, "मला धडा नको, अडलेली जागा हवी." म्हणून नावं कामावरून दिली, आणि प्रत्येक वेळ वाक्य सुरू होण्याच्या दोन सेकंद आधीची घेतली, म्हणजे पहिला शब्द तुटत नाही.

यादी वर्णनात टाकली, पण पट्टीवर भाग काही दिसेनात! नुसत्या निळ्या वेळा आल्या. कारण आमच्या गप्पा टाळायला मी यादी 0:40 पासून सुरू केली होती. यूट्यूबला पहिली ओळ 0:00 चीच लागते. शिवाय किमान तीन वेळा, चढत्या क्रमाने, आणि प्रत्येक भाग निदान १० सेकंदांचा. पहिली ओळ बदलली आणि भाग उमटले.

मग हुशारी सुचली. सुरुवातीच्या ४० सेकंदांच्या गप्पाच एडिटरमध्ये कापल्या. यादी मात्र तशीच राहिली. कुठेही एरर नाही, पण आता प्रत्येक वेळ ४० सेकंद उशिरा उतरत होती. झेडचं 24:10 आता 23:30 व्हायला हवं होतं. नेमक्या त्या ४० सेकंदांत आम्ही सांगितलं होतं की फेसिंग झाल्यावर टूल फक्त एक्समध्ये मागे घ्या, झेड हलवू नका, मगच ऑफसेट पानावर Z0 टाकून MEASURE दाबा. हे हुकलं तर झेडचं माप चुकतं आणि टूल जॉबवर आदळू शकतं.

शुक्रवारी रात्री होस्टेलच्या जिन्यात बसून मी पहिली सोडून प्रत्येक वेळेतून ४० सेकंद वजा केले:

```
0:00 जॉब चकमध्ये धरणे
9:15 टूल टरेटवर लावणे
23:30 झेड ऑफसेट घेणे
36:05 एक्स ऑफसेट घेणे
51:20 पहिला जॉब, सिंगल ब्लॉकमध्ये
```

मग एकेक वेळ दाबून पहिलं वाक्य ऐकलं. चूक ओळखायचा दुसरा मार्गच नाही.

शनिवारी दादाचा फोन आला. "झेड जमला. आता तुझं एक्सचं भाषण जरा कमी कर!"