चाचांचे सलाम

कळमनुरीत माझं ऑनलाइन कामांचं छोटं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, पॅन कार्ड, आणि नोव्हेंबर आला की पेन्शनवाल्यांचे हयातीचे दाखले. दोन वर्षांपूर्वी असाच दाखला काढायला चाचा आले. पाटबंधारे खात्यातून निवृत्त, बायको वारलेली, एक मुलगा हैदराबादला, एक पुण्यात. आयुष्यभर काम केलेल्या अंगठ्याच्या रेषा पुसल्या होत्या, मशीन ठसा घेईना. शेवटी फोनसमोर डोळ्यांची उघडझाप करायला लावून चेहऱ्यावरून दाखला काढला. पाऊण तास गेला. तेवढ्यात चहा झाला, गप्पा झाल्या. "मंजूर झाल्याचा मेसेज आला की कळवतो," म्हणून त्यांचा नंबर दुकानाच्या व्हॉट्सॲपमध्ये जतन केला.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर पहिला सलाम आला. मग गुलाबाचं चित्र. मग काब्याचा फोटो. दुपारी "जेवलास का?" रात्री "अल्लाह हाफिज". महिन्याभराने एकदा मोजले तर दिवसाला सतरा निघाले. एकातही काम नव्हतं.

इथे माझी अडचण नुसत्या वैतागाची नव्हती. सलाम करणं सुन्नत, पण उत्तर देणं वाजिब, हे आपण लहानपणापासून ऐकतो. सूरह निसामध्ये तर अभिवादनाला त्याहून चांगलं किंवा निदान तेवढंच उत्तर द्यायला सांगितलं आहे. ओळखीच्या मौलानांना विचारलं. ते म्हणाले, लिहून आलेल्या सलामाचं उत्तर वाचता वाचता तोंडाने दिलंस तरी तुझ्या डोक्यावरचा भार उतरतो. माझा उतरला. पण तिकडे चाचांना ते ऐकू कुठे जाणार?

म्हणून मी अधूनमधून लिहायचो. मोकळा असेन तेव्हा लगेच, गिऱ्हाईक असेल तेव्हा नाही, कधी चार सलामांनंतर, कधी दहांनंतर. मला वाटायचं, हा मधला मार्ग आहे. खरं तर सलाम वाढवत होतो तो मीच. बी. एफ. स्किनर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर केलेले प्रयोग मी नंतर वाचले. चोच मारल्यावर दाणा कधी मिळतो, कधी नाही, असं ठेवलं की पक्षी चोच मारणं जास्त चिकाटीने चालू ठेवतो. दाणा पूर्ण बंद झाला तरी बराच वेळ थांबत नाही. चाचांची तुलना कबुतराशी करायला मन धजत नाही, पण दहाव्या सलामाला उत्तर देऊन मी त्यांना एवढंच शिकवलं होतं की नऊ फुकट गेले तरी दहावा पाठवून बघावा.

त्यानंतर मी जे केलं ते याहून वाईट. दुकानाच्या व्हॉट्सॲपमध्ये दुकान बंद असताना आपोआप जाणारा मजकूर लिहून ठेवता येतो. त्यात मी लिहिलं, "वअलैकुमस्सलाम. अल्लाह आपल्याला सलामत ठेवो. लवकरच बोलू." वाटलं, कुणी दुखावणारही नाही आणि माझी झोपही मोडणार नाही. पंधरा दिवसांनी मशिदीबाहेर चाचा चार जणांना सांगत होते, "हा पोरगा रात्री अकराला पण माझ्यासाठी जागा असतो." मी हसून म्हणालो, झोपतो की चाचा मी. ते म्हणाले, "अरे, जवाब आया ना तेरा."

घरी येऊन तो मजकूर बदलला. "हे उत्तर आपोआप आलं आहे. दुकान बंद आहे, मेसेज सकाळी दहानंतर वाचला जाईल." रुक्ष आहे, पण खरं आहे. मला खरी भीती वेगळीच वाटली होती. एखाद्या रात्री छातीत दुखलं असतं तर या माणसाने मला मेसेज केला असता, दुआ देणारं उत्तर आलं असतं, आणि मी येतोय असं समजून ते वाट बघत बसले असते.

मग बोलायचं ठरवलं, आणि पहिल्यांदा चुकलोच. मेसेजवर लिहिलं, "चाचा, काम असेल तरच लिहा." चार दिवस एकही सलाम नाही. पाचव्या दिवशी मीच त्यांच्या दारात. दार उघडून म्हणाले, "काम काही नव्हतं, म्हणून नाही लिहिलं." याच्यावर काय बोलणार?

घरात बसून, समोरासमोर सांगितलं. सूरह नूरमध्ये दुसऱ्याच्या घरी जाताना आधी परवानगी घ्या, सलाम करा, आणि परत जा म्हटलं तर परत जा, असं आहे. फजरच्या आधी, भर दुपारी आणि इशानंतर तर घरातल्या मुलांनीही विचारून आत यावं. म्हणजे एखाद्याला माणसाजवळ बसण्याची वेळ नसणं हा त्या दोघांच्या नात्याचा अपमान नाही. चाचांना हे माझ्याहून चांगलं ठाऊक होतं. फोनलाही दार असतं, एवढंच मी जोडलं.

मग नेमकं काय जमेल ते बोललो. रोज असरनंतर एक सलाम, त्याला मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून उत्तर देणार, न चुकता. दिवसातल्या बाकी चित्रांना उत्तर नाही, त्याचा राग धरायचा नाही. शुक्रवारी जुम्यानंतर दुकानात अर्धा तास चहा. जमणार नसेल तर आदल्या दिवशी मी सांगणार. रात्री माझा फोन बंद असतो. तब्येत बिघडली तर मला नाही, 108 ला फोन, आणि शेजारच्या घराची कडी. ज्येष्ठ नागरिकांसाठी 14567 हा सरकारी मोफत नंबर आहे, सकाळी आठ ते रात्री आठ. तो त्यांच्या फोनमध्ये "बुजुर्ग" नावाने टाकला, आणि एकदा माझ्यासमोर लावायला लावला, कारण नंबर नुसता जतन करून कुणी वापरत नाही.

एक प्रश्न विचारायला जीभ अडखळत होती, तरी विचारला: जगणं नकोसं वाटतं का? म्हणाले, "नाही रे. फक्त मगरिबच्या वेळेला घर मोठं वाटतं." दुसरं उत्तर आलं असतं तर असरचा सलाम पुरला नसता. त्यासाठी 14416 हा टेलिमानसचा चोवीस तासांचा नंबर, मुलांना फोन आणि डॉक्टर, हे सगळं त्याच दिवशी करावं लागलं असतं.

"मग मुलांना का नाही पाठवत सलाम?" हेही विचारलं. "त्यांना कामं असतात," म्हणाले. मला नसतात, असं त्यांना का वाटलं, ते मी विचारलं नाही.

पहिला आठवडा जड गेला. सतराचे वीस झाले. मी असरनंतर एकदाच बोललो, कंटाळून मध्येच एकही शब्द टाकला नाही. तिसऱ्या आठवड्यात चित्रं पाच-सहांवर आली. शुक्रवारच्या चहाला आता उर्दू शाळेतून निवृत्त झालेले एक सर येतात. दोघं हळदीच्या भावावरून भांडतात, माझ्याकडे बघतही नाहीत. अर्ध्या तासाचा कधी कधी तास होतो, तेव्हा मी "चाचा, गिऱ्हाईक आहे" म्हणतो आणि दोघं आपली भांडणं घेऊन समोरच्या ओट्यावर जातात.

परवा असर होऊन गेली तरी सलाम आला नाही. पूर्वी मला हायसं वाटलं असतं. अर्धा तास थांबून मीच फोन लावला. फोन पुण्याच्या मुलाने उचलला, दोन दिवसांसाठी आला होता. मागून चाचांचा आवाज आला, "त्याला सांग, आज मला काम आहे."