काय लिवलालास?

प्राध्यापकाच्या धंद्यात लाल शाईचं मिठासारखं असतं. कमी पडली तर पेपर नीट तपासला नाही असं म्हणतात, आणि जास्त पडली तर विद्यार्थी तोंड वाकडं करून उठून जातो. मी नांदेडच्या ज्या महाविद्यालयात भाषाविज्ञान शिकवतो तिथं माझी ख्याती खारट हाताचा म्हणूनच आहे. त्यामुळं परवा एका विद्यार्थ्याची वही परत करताना सोबत चार ओळींचं पत्र लिहायचं ठरवलं, तेव्हा आमच्या सौभाग्यवतींनी, "जरा जपून लिहा हो, पोरगं लातूरकडचं आहे, एकटं खोली करून राहतं," असं आधीच बजावलं होतं.

मी त्या वर्गाला काम दिलं होतं ते वरवर सोपं. घरातल्या एखाद्या वडीलधाऱ्या माणसाचं बोलणं मोबाइलवर टिपायचं आणि ते जसं ऐकू येतं तसं कागदावर उतरवायचं. लिपी देवनागरीच, पण उच्चाराशी इमान राखणारी. म्हणजे अक्षराचा शेवटचा 'अ' ऐकू आला नाही तर पाय मोडायचा. 'च'चे दोन उच्चार असतात, त्यातला दातांमागचा असेल तर खाली टिंब द्यायचं. बस्स. या विद्यार्थ्यानं दिवाळीच्या सुटीत लोहा, अहमदपूर करीत एस.टी.नं गाव गाठलं, आजीला ओट्यावर बसवलं आणि तिच्याकडून बहात्तरच्या दुष्काळाची हकीकत अकरा मिनिटं टिपून आणली. १९७२ साली ती आजी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. कामावर सुकडी मिळायची, ती पोरांसाठी पदराला बांधून घरी आणायची.

वही उघडली आणि मी चाटच पडलो. आजी पुण्याच्या आकाशवाणीवरून बातम्या देत असल्यासारखी बोलत होती. "आम्ही तेव्हा दगड फोडत असू. पाणी मिळत नसे." मी म्हटलं, वा! खडी फोडता फोडता बाईंचं एम.ए. झालेलं दिसतंय!

लगेच लाल पेन काढून पत्राला बसलो. ते असं होतं.

"चि. — यास अनेक आशीर्वाद. वही मिळाली. अक्षर सुरेख आहे. पण तीन चुका पुन:पुन्हा होतात, त्या लिहितो. रागावू नकोस.

पहिली चूक शेवटच्या 'अ'ची. 'दगड' हा शब्द तू सगळीकडं पूर्ण लिहिलास. आजी 'दगड्' म्हणते, तूही म्हणतोस, मीही म्हणतो. शेवटचा 'अ' फक्त लिहिताना असतो, बोलताना तो उठून गेलेला असतो. आणि ती 'दगडानं हात सोलायचे' म्हणते तेव्हा ऐक, आता 'ग'मधला 'अ'सुद्धा जातो आणि 'दग्डानं' असं होतं. डोळ्यांना हे कधीच दिसणार नाही, कारण आपण लिहितो एक आणि बोलतो एक. मात्र हे वाचून दिसेल त्या अक्षराचा पाय मोडत सुटू नकोस. 'कष्ट'सारखं जोडाक्षर शेवटी आलं तर बारीकसा 'अ' मागं रेंगाळतो. तो ऐकू आला तर राहू दे.

दुसरी चूक 'च'ची. आजीचं एक वाक्य आहे, 'जनावराला चार पेंड्या चारा'. तू दोन्ही 'च' सारखेच लिहिलेस. स्वत: म्हणून बघ. 'चार' म्हणताना जीभ टाळूला लागते, 'चारा' म्हणताना वरच्या दातांच्या मागं येते. 'चिंच' या एका शब्दात पहिला 'च' टाळूचा आणि दुसरा दातांमागचा आहे. आपल्या लिपीत दोघांना मिळून एकच अक्षर आहे म्हणून कानानं ते एक समजायचं कारण नाही. शंका आली तर टिपलेलं वाक्य लावून त्याच्याबरोबर म्हण आणि जीभ कुठं टेकते ते पाहा.

तिसरी चूक मोठी आहे. चौथ्या मिनिटाला आजी मध्येच थांबून तुला काहीतरी विचारते. तू लिहिलंस, 'काय लिहित आहेस रे?' ('लिहीत'मधली वेलांटी चुकली ती गोष्ट सोड, इथं ते शुद्धलेखन नकोच आहे.) आता ते दोन सेकंद पुन्हा ऐक आणि बोटांवर अक्षरं मोज, म्हणजे एकेका स्वराला एकेक बोट. 'लिहीत आहेस' याची होतात चार. आजीची होतात तीन. आजी म्हणाली आहे, 'काय लिवलालास रे?' लि, ला, ला. बोटं जुळली नाहीत की समजावं, आपण ऐकलेलं लिहिलेलं नाही, आपल्याला कळलेलं लिहिलं आहे. पूर्ण वहीत मला एकसुद्धा '-लालास' की '-लालाय' सापडलं नाही. अकरा मिनिटं आपल्याकडची बाई बोलली आणि ते एकदाही आलं नाही, हे मला पटायचं नाही. तसंच 'पाणी'चं. ती 'पानी' म्हणते. सगळीकडं 'पानी' कर."

इथवर लिहून झालं आणि 'सगळीकडं' या शब्दावर पेन अडलं. मी तर सुरुवातीची पाच मिनिटंच ऐकली होती. म्हटलं, उरलेली ऐकूनच सही करावी. 'पानी' आलं की कागदावर एक रेघ मारायची असं ठरवून बसलो. एकंदर तेरा वेळा तो शब्द आला. अकरा वेळा 'पानी' आणि दोन वेळा चक्क 'पाणी'! पुन्हा लावलं, तेच. मग त्या दोन जागा नीट ऐकल्या. दोन्ही ठिकाणी नातवानं आधी "काय म्हणालीस?" असं विचारलं होतं. शिकलेला नातू पुन्हा विचारतोय म्हटल्यावर म्हातारीनं सावरून बसावं तसं सावरून 'पा-णी' म्हटलं होतं.

ही काही तिचीच तऱ्हा नव्हे. १९६२ साली विल्यम लबॉव्ह नावाचा एक अमेरिकन न्यूयॉर्कच्या मोठ्या दुकानांतून हिंडला. उत्तर 'फोर्थ फ्लोअर' असंच येईल असा माल कुठं मिळतो, ते विक्रेत्यांना विचारी, उत्तर मिळालं की नीट ऐकू न आल्यासारखं करून पुन्हा विचारी. पहिल्यांदा जो 'र' विक्रेते गिळून टाकत, तो दुसऱ्या वेळी बऱ्याच जणांच्या तोंडून स्पष्ट निघे. हे मी वर्गात दरवर्षी शिकवतो, तेही टेबलावर हात आपटून. आणि लातूरच्या आजीचे दोन 'पाणी' मी न ऐकताच 'पानी' करून टाकायला निघालो होतो! विद्यार्थ्यानं तिला पुणेरी केली होती, मी तिला अस्सल खेडवळ करत होतो. ती प्रत्यक्षात काय म्हणाली ते आम्हां दोघांनाही नको होतं. मी ते वाक्य खोडलं. लाल शाईनंच.

तेवढ्यात आतून सौभाग्यवती आल्या. "कोण बोललालंय हो? मला वाटलं सासूबाईच," असं म्हणून त्या जरा दारातच उभ्या राहिल्या. (रागात आणि गडबडीत आमच्या घरी अजून '-लालंय' निघतं. पाहुणे असले की निघत नाही.)

मला एकदम माझी जुनी वही आठवली. शिकत होतो तेव्हा मी आईच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या होत्या. ती दळायची आणि मी शेजारी बसून लिहायचो. ट्रंकेतून वही काढली. दोनशे पानी, निळी शाई, अक्षर सुरेख. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत सगळीकडं 'पाणी'. सगळीकडं 'आहे'. एकही 'हाय' नाही. तेव्हा मी नुकताच बाहेर शिकायला गेलो होतो आणि वसतिगृहातली मुलं माझ्या 'करलालाय'ला हसत. आईला कोणी हसू नये म्हणून मी तिची भाषा धुऊन, इस्त्री करून ठेवली. आई जाऊन पंधरा वर्षं झाली. तिचा आवाज टिपलेला नाही. त्या वहीत तिनं काय म्हटलं ते सगळं आहे, पण ती कशी बोलायची ते तपासायला आता काही उरलेलं नाही.

मग पत्राचा शेवट मी नव्यानं लिहिला.

"'पाणी'बद्दल आधी लिहिलं होतं ते मी खोडलं आहे, कारण ते माझंच चुकलं होतं. तेरा जागा एकेक करून ऐक. जिथं 'न' तिथं 'न', जिथं 'ण' तिथं 'ण', आणि 'ण' कशानं आला ते समासात लिही. यापुढं असं कर. दोन-तीन सेकंदांचा तुकडा लावायचा, थांबवायचं, लिहायचं. एका मिनिटाच्या बोलण्याला तासभर लागला तर लागू दे, मलाही लागतो. ऐकू आलं नाही तिथं रेघ ओढ, मनानं भरू नकोस. दोन ओळी कर, वरच्या ओळीत आजी बोलली ते आणि खालच्या ओळीत त्याचा अर्थ तुझ्या पुस्तकी मराठीत. म्हणजे तुझी हौसही फिटेल आणि आजीही राहील. दोन दिवसांनी जुनं न बघता तोच तुकडा पुन्हा लिहून काढ. दोन्हीत फरक पडेल तिथं तुझा कान नाही, तुझी सवय लिहीत होती असं समज. मूळ ध्वनिमुद्रण मात्र कधी पुसू नकोस. वही चुकली तर त्यावरून दुरुस्त करता येते. माझ्याकडं एक वही अशी आहे की तिची दुरुस्ती होत नाही. कधी घरी आलास तर दाखवीन."

पंधरा दिवसांनी वही परत आली. पहिल्याच पानावर तीन 'लालाय', दोन 'लालास'. 'चार'चा 'च' मोकळा आणि 'चारा'च्या 'च'खाली टिंब. दोन 'पाणी' जागच्या जागी, समासात 'मी पुन्हा विचारल्यामुळे' अशी प्रामाणिक कबुली. काही 'अ' अजूनही शेपटासारखे लोंबत होते, पण मी मीठ हात राखूनच टाकलं.

"सर, तुमचं पत्र आजीला वाचून दाखवलं," तो म्हणाला.

"मग? काय म्हणाल्या?"

तो जरा घुटमळला. मग माझ्यासमोर पहिल्यांदाच, पाहुणे असताना आम्ही जी बोलत नाही त्या बोलीत त्यानं सांगितलं, "आजी म्हनली, एवढ्या चुका! माज्या हायत का तुज्या?"

"तू काय सांगितलंस?"

"सरच्या बी हायत म्हनलो."

मी पेनाला टोपण लावलं.