ताटातला हिशेब

जबलपूरला सदरमध्ये राहतो. वार्षिक मेडिकल जवळ आली की शेजारचा हवालदार आधी भात सोडतो. वजन जास्त भरलं तर मेडिकल कॅटेगरी खाली जाते, म्हणून त्याची भीती खरी आहे. एका रात्री आम्ही त्याचं ताट मोजलं.

शिजलेल्या अन्नात पाणी असतं, त्यामुळे वाटीभर वरण घट्ट की पातळ यावर आकडा बदलतो. म्हणून कोरडा जिन्नस धरला. तांदूळ, डाळ, कणीक, तिन्हींच्या 100 ग्रॅममध्ये साधारण 340 ते 350 कॅलरी. वहिनींनी चौघांसाठी 120 ग्रॅम डाळ लावली होती, म्हणजे त्याच्या वाट्याला 30 ग्रॅम, 100 कॅलरी. वाटीभर भाताला 40 ग्रॅम तांदूळ, 140 कॅलरी. अर्धा किलो कणकेच्या सोळा-सतरा पोळ्या होतात, तेव्हा एक पोळी 30 ग्रॅमची, दोन मिळून 205. दुधीची भाजी नुसती 20.

मग तेल. चहाचा सपाट चमचा म्हणजे 5 मिली, 45 कॅलरी. चौघांच्या भाजीत आठ चमचे, फोडणीत चार. त्याच्या वाट्याला तीन, 135. एकूण 600.

वाटी लहानमोठी असते, चमचा कधी शिगोशीग भरतो, म्हणून पन्नास-साठ इकडेतिकडे धरायचे. पण एवढं दिसलं, की भाताची वाटी आणि तीन चमचे तेल जवळपास सारखंच. भात ताटात दिसतो, तेल दिसत नाही. आता त्यांच्याकडे तेल बुधलीतून न ओतता चमच्यानं मोजून घालतात, आणि तो भात खातो.