रिकामे बाक

स्मरणिकेसाठी काही लिहावे, असे संपादक मंडळाचे पत्र आले, तेव्हा आम्हांस प्रथम आठवली ती आपल्या वसतिगृहाची अभ्यासिका. सायंकाळची वंदना आटोपली की सतरंजीवर ओळीने बसायचे, वीज गेली की मधोमध कंदील ठेवायचा आणि एकाच पुस्तकावर तिघांनी डोके वाकवायचे, असा तो काळ होता. यवतमाळ शहरातील सधन घरांची मुले तेव्हाही गणिताची, इंग्रजीची शिकवणी लावीत. त्यांना आमच्याहून चार गुण अधिक पडत, हेही आम्हांस ठाऊक होते. परंतु जी परीक्षा ते देत तीच आम्ही देत होतो आणि ती परीक्षा शाळेत शिकविलेल्या पुस्तकावरच होत असे. अंतर होते, पण ते अभ्यासिकेत बसून कापता येण्याजोगे होते.

पुढे आम्ही याच जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवू लागलो. त्याला आता वीस वर्षांहून अधिक काळ लोटला. आमच्या हजेरीपटावर बारावी विज्ञानाची ऐंशी नावे आहेत. जुलैत वर्गात चाळीसेक चेहरे दिसतात. पोळा होऊन सप्टेंबर उजाडला की ते दहा-बारावर येतात. उरलेली मुले कोठे असतात, हे गावातल्या कोणालाही विचारा. त्यांची नावे आमच्याकडे आणि ती स्वतः नागपूर, अकोला, लातूर किंवा नांदेड येथील क्लासमध्ये. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात ती येतात, वहीवर सही घेतात आणि रात्रीच्या गाडीने परत जातात.

हे असे का झाले, ते नीट समजून घेतले पाहिजे. कारण केवळ पालकांच्या हौसेने वर्ग रिकामे होत नसतात. आम्ही बारावी झालो तेव्हा वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर मिळत असे. नंतर राज्याची सीईटी आली आणि २०१७ पासून राज्यातील सर्व एमबीबीएस प्रवेश नीटच्या गुणांवर होऊ लागले. आता बारावीच्या भौतिक, रसायन व जीवशास्त्रात खुल्या प्रवर्गास ५० टक्के आणि राखीव प्रवर्गास ४० टक्के मिळाले की पुरे. त्यावर मिळविलेला एकेक गुण प्रवेशाच्या दृष्टीने निरुपयोगी ठरतो. म्हणजे जे आम्ही शिकवितो त्याची किंमत उंबरठ्यापुरती उरली आणि खरी स्पर्धा आम्ही शिकवीत नाही अशा परीक्षेत गेली. ज्याला परवडते तो त्या परीक्षेच्या दारी जाणारच. २०१८ मध्ये शासनाने काही विभागांतील विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. परंतु यंत्रावर बोट टेकविल्याने वर्गाला अर्थ परत येत नाही.

खासगी क्लास श्रीमंताच्या मुलाला काही अधिकचे देतो, असे आपण म्हणतो. ते अर्धेच सत्य आहे. आमच्या अनुभवाला आले ते असे की, क्लास मागे राहिलेल्या मुलाकडून काही काढूनही घेतो. चाळीस मुलांच्या वर्गात पाच जण अवघड शंका विचारीत. त्या शंकांमुळे इतर पस्तीसांना विषय उलगडत असे आणि आम्हांलाही आदल्या रात्री वाचून यावे लागत असे. ते पाच जण प्रथम गेले. त्यांच्यातही जो सर्वांत हुशार आणि गरीब होता, त्याला एका क्लासने चाचणी घेऊन फी माफ केली व नेले. त्याचे भले झाले, याचा आम्हांस आनंद आहे. परंतु वर्गातला एकमेव दिवा उचलून नेल्यावर मागे जो अंधार उरतो, त्याची नोंद कोणत्याही निकालाच्या जाहिरातीत नसते. दहा मुलांसाठी प्रयोगशाळेत द्रावणे कोण तयार करील? पालकसभेला कोण येईल? आणि खरे सांगायचे तर, रिकाम्या बाकांपुढे शिकविताना शिक्षकही हळूहळू विझतो.

मागे राहतात ती कोणाची मुले? कोरडवाहू शेतकऱ्यांची, शेतमजुरांची, आणि बहुतेक घरांतल्या मुली. पाच एकर पऱ्हाटी असलेल्या घराचा हिशेब मांडून पाहू. एकरी पाच क्विंटल कापूस धरला तर पंचवीस क्विंटल होतो. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. म्हणजे सारा माल हमीभावाने गेला तरी हाती १ लाख ८८ हजार येतात. त्यातून बियाणे, खत, फवारणी आणि वेचणीची मजुरी वजा केली की निम्मेही उरणे कठीण. इकडे नावाजलेल्या क्लासची एका वर्षाची फी लाखाच्या घरात आणि खोली व मेसचा खर्च वेगळा. म्हणजे संपूर्ण शेताचे वर्ष एका मुलाच्या एका वर्षाला पुरत नाही.

रकमेपेक्षाही तिची वेळ अधिक जाचते, हे फारसे कोणी बोलत नाही. फीचा पहिला हप्ता जूनमध्ये असतो. पेरणीही जूनमध्येच असते. कापसाचा पैसा दिवाळीनंतर येतो. नोकरदार पालक दहावीच्या हिवाळ्यातच एकरकमी फी भरून सवलत घेतात. शेतकरी हप्ते पाडून घेतो, त्याला सवलत मिळत नाही, आणि पहिल्या हप्त्यासाठी काढलेल्या कर्जाचे व्याज वेगळे. एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांत गरिबाच्या मुलाला तो बाक महाग पडतो.

आता क्लास नेमके काय विकतो, ते पाहू. गेल्या हिवाळ्यात आमच्या वर्गातील एका मुलाला आम्ही नीटची जुनी प्रश्नपत्रिका सोडवावयास दिली. त्याचे आई-वडील दोघेही मजुरीला जातात. या परीक्षेत १८० प्रश्न, १८० मिनिटे आणि ७२० गुण असतात. बरोबर उत्तराला चार गुण, चुकीला एक वजा. घड्याळ लावून त्याने १२० प्रश्न सोडविले. ८४ बरोबर, ३६ चूक. म्हणजे ३३६ वजा ३६, असे ३०० गुण झाले. शेवटच्या साठ प्रश्नांपर्यंत तो पोहोचलाच नाही. महिनाभराने त्याच तोडीची दुसरी प्रश्नपत्रिका वेळेची अट न ठेवता दिली. त्याने १६० प्रश्न सोडविले. १२० बरोबर, ४० चूक. ४८० वजा ४०, म्हणजे ४४०.

हा १४० गुणांचा फरक पूर्णपणे ज्ञानाचा नव्हता. एका महिन्यात कोणी एवढे शिकत नाही. तो मुख्यतः सरावाचा होता. कोणता प्रश्न आधी घ्यावा, कोणता सोडून पुढे जावे, पर्यायांवरून उत्तर कसे चाळावे, उत्तरपत्रिकेवरचे गोळे केव्हा भरावेत, हे त्याला कोणी करून घेतले नव्हते. क्लासमधील मुलाचा अभ्यासक्रम दिवाळीच्या आसपास संपतो आणि पुढचे सहा महिने तो दर आठवड्याला हेच करीत असतो. आमचा विद्यार्थी जानेवारीपर्यंत धडे, फेब्रुवारी-मार्चमध्ये बोर्ड, आणि मेच्या आरंभी नीट, असा धावतो. त्याला सरावासाठी जेमतेम एप्रिल मिळतो. शिवाय दहावीपर्यंत मराठीत शिकलेले विज्ञान अकरावीत एकाएकी इंग्रजी होते. प्रश्नपत्रिका मराठीत मागता येते खरी, पण दोन वर्षे पुस्तक इंग्रजीत वाचलेल्याला तिचा उपयोग थोडाच.

क्लासहूनही महाग वस्तू एक आहे, ती म्हणजे आणखी एक वर्ष. तमिळनाडू शासनाने नेमलेल्या न्यायमूर्ती ए. के. राजन समितीने २०२१ मध्ये दाखवून दिले की, तेथे वैद्यकीय प्रवेश मिळविणाऱ्यांत पुन्हा परीक्षा देणाऱ्यांचा वाटा नीटनंतर झपाट्याने वाढत गेला. ज्याच्या घरी पगार आहे तो 'ड्रॉप' घेतो. मजुराच्या मुलाला ड्रॉप म्हणजे दुसऱ्या वर्षाची फी आणि बुडालेली मजुरी. मुलीच्या बाबतीत तर स्थळ पाहण्याची सुरुवात. त्या राज्याने २०२० मध्येच शासकीय शाळांतील मुलांसाठी वैद्यकीय प्रवेशात साडेसात टक्के जागा वेगळ्या ठेवल्या. एका वर्गातील स्पर्धा त्याच वर्गात ठेवण्याचा तो मार्ग आहे. तो पुरेसा नसेल, पण अंतर खरे आहे ही कबुली त्यात आहे.

येथे आम्हांसही एक कबुली द्यावयाची आहे. चार वर्षांपूर्वी आमची कन्या अकरावीत गेली, तेव्हा आम्ही तिला आमच्या वर्गात ठेवले नाही. नागपूरला पाठविले. तिचे नाव आमच्याच हजेरीपटावर होते आणि बाक रिकामा होता. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढली, ती आम्हांस काढता आली. ज्या दिवशी तिला बसमध्ये बसवून आलो, त्याच दिवशी दुपारी एका मुलीने वर्गात विचारले, "सर, तुम्ही शिकवता तेवढ्यावर होते का?" आम्ही "होते" म्हणालो. त्या उत्तराचे ओझे अजून उतरलेले नाही.

म्हणून गेली तीन वर्षे आम्ही रविवारी सकाळी या वसतिगृहात येतो. राष्ट्रीय परीक्षा यंत्रणेच्या संकेतस्थळावर जुन्या प्रश्नपत्रिका व उत्तरसूची विनामूल्य मिळतात. त्या छापून घेतो, घड्याळ लावून सोडवून घेतो आणि प्रत्येकाकडून चुकांची वही लिहून घेतो. चूक तीनपैकी एका रकान्यात जाते: माहीत नव्हते, माहीत होते पण वेळ गेला, किंवा प्रश्न नीट वाचला नाही. पहिल्या रकान्यासाठी शिक्षक लागतो; उरलेल्या दोहोंसाठी केवळ रविवार लागतात, आणि वसतिगृहाजवळ रविवार आहेत. वर सांगितलेला मुलगा मेमध्ये घड्याळ लावून ३९० पर्यंत आला. तेवढ्याने त्याला एमबीबीएस मिळाले नाही; तो आज बी.एस्सी. नर्सिंगला आहे. त्याच्याजवळ दुसरे वर्ष असते तर काय झाले असते, याचे उत्तर आमच्या रविवारांपाशी नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी जे आज डॉक्टर, अभियंते, प्राध्यापक आहेत, त्यांना एवढेच सांगावेसे वाटते: वसतिगृहात सध्या रसायनशास्त्राचा पहिला रकाना भरून वाहतो आहे आणि तो शिकविणारे कोणी नाही. रविवारी सकाळी आठ वाजता घड्याळ लागते.